न दुखणारी जागा

गोरक्ष गांगुर्डेच्या हाताला वळण आहे, असं दिंडोरीकडचे लोक म्हणत. बारा वर्षं तो एकाच बागायतदाराकडे ट्रॅक्टरवर होता. द्राक्षाच्या दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढत नेताना त्याचं चाक कधी वेलीच्या खोडाला घासलं नाही. औषधाचं माप तो डोळ्यांनी ओळखायचा. म्हणून बंटीला, त्याच्या मुलाला, मधुमेह निघाला आणि दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "घरी इंजेक्शन कोण देणार?" तेव्हा त्याची बायको चैताली काही बोलायच्या आत गोरक्ष म्हणाला, "मी."

त्या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात सकाळ-संध्याकाळची एकही सुई त्याने दुसऱ्या कोणाला देऊ दिली नव्हती. सासऱ्याच्या दहाव्यालाही तो अर्ध्यातून उठून मोटारसायकलवर घरी आला होता. गावात याचं कौतुक होतं. बाप असावा तर असा, असं बाया चैतालीला ऐकवायच्या. चैताली मान हलवायची आणि कामाला लागायची. गोरक्षला ते कौतुक ऐकवत नसे. ते का ऐकवत नाही हे त्याला माहीत होतं, आणि चैतालीलाही.

मे महिन्यात नाशिकला, गंगापूर धरणाच्या रस्त्याला एका शाळेच्या वसतिगृहात, मधुमेह असलेल्या मुलांचं तीन दिवसांचं शिबिर भरलं. लहान मुलांसोबत एका पालकाने राहायचं होतं. चैतालीच्या मांडीवर सात महिन्यांची मुलगी, म्हणून गोरक्ष आला. खांद्यावर कपड्यांची पिशवी, आणि हातात इन्सुलिनच्या दोन बाटल्या ठेवलेला थर्मास. गावात वीज कधीही जायची, त्यामुळे घरी बाटल्या ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असत. उन्हाने इन्सुलिन नासतं, हे तो कोणालाही समजावून सांगू शकत होता. इतकं सगळं त्याने शिकून घेतलं होतं.

शिबिरात चाळीसएक मुलं होती. शिकवायला स्नेहल सिस्टर होत्या, पस्तिशीच्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांच्या मदतीला सुरगाण्याचा महेश. एकोणीस वर्षांचा पोरगा, सातव्या वर्षापासून स्वतः इन्सुलिनवर. हंगामात त्याचं कुटुंब दिंडोरी भागात द्राक्षं तोडायला येई, तेव्हा तो बागेच्या बांधावर बसूनच सुई टोचून घेई. बंटी पहिल्या तासाभरातच त्याच्या मागे मागे फिरायला लागला.

दुपारी सिस्टरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "आपल्याला हा आजार का झाला, कोणाला काय वाटतं?"

एक मुलगी म्हणाली, पेढे खाल्ले म्हणून. एक जण म्हणाला, आजीला होता म्हणून. बंटी दहा वर्षांचा, तिसऱ्या ओळीत बसलेला, त्याने हात वर केला आणि म्हणाला, "मी गादी ओली करायचो म्हणून."

काही मुलं हसली. मागे भिंतीला टेकून बसलेल्या गोरक्षने मान खाली घातली.

"ते उलटं आहे, बाळा," सिस्टर म्हणाल्या. "आजार आधी झाला, गादी नंतर ओली झाली. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तिथल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात. शरीराचे राखणदारच कधी कधी चुकून त्या पेशींना शत्रू समजून मारतात. त्यात कोणाचा दोष नसतो. ना तुमचा, ना आईचा, ना पप्पांचा. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात साठते, मग शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं. खूप लघवी, म्हणून खूप तहान. तेव्हा पाणी पिणं हेच बरोबर असतं."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. गोरक्ष उठून बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धुतलं.

दीड वर्षापूर्वीचा तो नोव्हेंबर होता. फळांसाठीची गोडी छाटणी होऊन बागा फुलोऱ्यात, त्यात ढगाळ हवा. डावणी रोगाच्या भीतीने मालक रोज फवारणी मागत होता. गोरक्ष पहाटे चारला घर सोडायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. आठ वर्षांचा बंटी तेव्हा तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि पहाटे अंथरूण ओलं करायचा. मोरीत मुंग्या लागायच्या. गोरक्षला वाटलं, पोरगं लाडावलंय. तिसऱ्या दिवशी त्याने बंटीच्या पाठीत दोन रट्टे दिले, ओली गोधडी त्याच्याच डोक्यावर देऊन त्याला थंडीत ओट्यावर उभं केलं, आणि चैतालीला सांगितलं, "दिवस मावळल्यावर याला पाणी द्यायचं नाय." स्वतःच्या हाताने तांब्या उचलून उंच फळीवर ठेवला. चार दिवस तसं चाललं. पाचव्या दिवशी पोरगं ओकायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून गोळ्या दिल्या. संध्याकाळी बंटी धापा टाकत श्वास घेत होता आणि त्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. नाशिकच्या दवाखान्यात साखर पाचशे चाळीस निघाली. तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "खूप पाणी प्यायचा का हो?" आणि गोरक्ष म्हणाला होता, "तसं काय लक्षात नाय आलं."

चैताली शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिनची वेळ झाली. ज्यांनी कधी स्वतः टोचलं नव्हतं अशी आठ-नऊ मुलं होती. दुपारभर त्यांनी स्पंजच्या तुकड्यांवर नुसतं पाणी टोचून सराव केला होता. बंटीचा हात बापासारखाच स्थिर होता. पण स्पंज वेगळा आणि आपली कातडी वेगळी. सिस्टरांच्या देखरेखीखाली त्याने सिरिंज बरोबर भरली. आठ युनिट, तीन स्वच्छ, लगेच काम करणारं, आणि पाच दुधाळ, सावकाश काम करणारं. "मांडीला टोच, मी पाहते," असं त्या म्हणत होत्या, एवढ्यात पलीकडच्या खोलीत एका मुलीची साखर उतरली म्हणून महेशने त्यांना हाक मारली. "दादा, दोन मिनिटं थांबा," असं गोरक्षला सांगून त्या गेल्या.

बंटी पलंगाच्या काठावर बसला होता. डाव्या हाताने मांडीची चिमटी धरलेली, उजव्या हातात सुई. सुईचं टोक कातडीपासून बोटभर अंतरावर येई आणि परत मागे जाई. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला.

"पप्पा, नाय होत."

"होईल, होईल."

"दुखंल."

गोरक्षला तो शब्द सहन होत नसे. दीड वर्ष त्याचा सगळा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता. त्याने दाराकडे पाहिलं. मग मुलाच्या हातातून सिरिंज घेतली, त्याचा सदरा वर केला आणि बेंबीच्या डाव्या बाजूला, रोजच्या जागी, सुई घातली. तिथे बंटीला काहीच लागत नसे. काम अर्ध्या मिनिटात झालं.

सिस्टर परत आल्या. त्यांनी रिकामी सिरिंज पाहिली. "टोचलंस?"

बंटीने बापाकडे पाहिलं.

"हो, टोचलं की त्यानंच," गोरक्ष म्हणाला. "मांडीला. मी बघत व्हतो."

असं खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. पोरगं सगळ्यांसमोर भित्रं ठरू नये, एवढंच त्या क्षणी मनात आलं. सिस्टर खूश झाल्या. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी बंटीचं नाव घेतलं. चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. महेशने त्याच्या शर्टावर कागदाचा तारा लावला. बंटी उभा राहिला आणि लगेच खाली बसला. त्याने भाकरीचे घास मोजून खाल्ले, कारण इन्सुलिन घेतल्यावर जेवण टाकायचं नाही हे त्याला माहीत होतं. हात धुताना त्याने तारा काढून खिशात घातला.

"काढला कशाला?" गोरक्षने विचारलं.

"माझा नाय तो," बंटी म्हणाला.

सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या बोटांतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. बंटीची तीनशे अठरा निघाली. सिस्टरांनी हात साबणाने धुवायला लावून पुन्हा तपासली. तीनशे बारा. लघवीत पट्टी बुडवून पाहिली, धोक्याचे कीटोन नव्हते. एवढ्यात शिबिराच्या डॉक्टर तेजस्विनी आल्या. त्यांनी गोरक्षची वही चाळली. वहीत गेल्या तीन महिन्यांचे आकडे होते, रेषा आखून व्यवस्थित लिहिलेले. कधी तीनशे, कधी सत्तर, मध्येच चारशे, आणि कशाचा कशाला मेळ नव्हता.

"डोस वेळेवर, जेवण वेळेवर, आणि साखर अशी?" डॉक्टर म्हणाल्या. "वजनही वाढलंय त्याचं. डोस वाढवायला हवा. सकाळचे पंधरा आहेत ना? अठरा करू. काल मांडीला घेऊनही उतरली नाही, म्हणजे कमीच पडतंय."

सिस्टर कागदावर अठरा लिहायला लागल्या. आता सांगावं असं त्याला वाटत होतं, आणि जीभ उचलत नव्हती. डॉक्टर तर जाणत्या आहेत, तीन युनिटांनी काय होतंय, असंही मनाचा एक कोपरा म्हणत होता.

"मांडीला नाय घेतलं," बंटी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी नाय टोचलं काल. पप्पांनी टोचलं. पोटाला." त्याने खिशातून चुरगळलेला तारा काढून टेबलावर ठेवला. "मला भ्या वाटलं म्हणून टोचलं त्यांनी. त्यांना बोलू नका."

गोरक्षला वाटलं, कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर बंटीला एवढंच म्हणाल्या, "पोट दाखव बरं." त्याला आडवं निजवून त्यांनी बोटं बेंबीच्या उजव्या बाजूने हलकेच फिरवली, मग डावीकडे नेली आणि तिथे थांबल्या.

"गोरक्षदादा, इकडे या. हात लावा."

त्याने हात लावला. रोज दोनदा त्याच जागी त्याची बोटं जात होती. चिमटीत जाड मांस येतं, पोरगं अंगाला लागतंय, असंच तो समजत होता. आज शेजारची उजवी बाजू आधी चाचपायला लावल्यावर त्याला कळलं. डावीकडे अंड्याएवढा भाग रबरासारखा घट्ट आणि फुगीर झाला होता.

"एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की चरबीची अशी गाठ होते," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे दुखत नाही, म्हणून मुलं तीच जागा मागतात. पण तिथे दिलेलं इन्सुलिन रक्तात नीट जात नाही. कधी गाठीत अडकून राहतं, कधी एकदम सुटतं. म्हणून तुमच्या वहीत हे असे आकडे. जागा बदलत जा, हे सांगितलं होतं ना दवाखान्यात?"

"सांगितलं होतं." गोरक्षने हात मागे घेतला. "दुसरीकडं टोचलं की तो कळवळायचा. मला नाय बघवायचं."

"आणि आज मी अठरा दिले असते, आणि ते चांगल्या जागी टोचलं असतं, तर सगळंच्या सगळं लागू पडलं असतं. दुपारपर्यंत हा पोरगा बेशुद्ध झाला असता." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मग अठराचा आकडा खोडून त्यांनी बारा लिहिला. "चार स्वच्छ, आठ दुधाळ. नव्या जागेसाठी पाचवा हिस्सा कमी केला. साखर जास्त दिसतेय तरी घाई नको. दर दोन तासांनी तपासू."

बंटी उठून बसला. "मी टोचू?"

"भीती वाटतेय का?" सिस्टरांनी विचारलं.

"वाटतेय."

"मग वाटू दे. भीती वाटत असतानाही हात चालतो."

गोरक्षला त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "दादा, हात मांडीवर ठेवा. काही झालं तरी उचलायचे नाहीत."

बंटीने हात धुतले, कोरडे केले. दुधाळ बाटली दोन तळव्यांत धरून तो वातीसारखी वळू लागला, मनात वीस मोजत. ती हलवायची नसते, फेस होतो. दोन्ही बाटल्यांची रबरी टोपणं त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये आठच्या रेघेपर्यंत हवा ओढली आणि ती दुधाळ बाटलीत सोडली, औषध न घेता सुई बाहेर काढली. मग चारच्या रेघेपर्यंत हवा, ती स्वच्छ बाटलीत. बाटली उलटी करून चार युनिट ओढली. एक बुडबुडा आला, त्याने टिचकी मारून तो वर आणला, परत ढकलला आणि पुन्हा चारवर आणलं.

"आधी स्वच्छ का?" सिस्टरांनी विचारलं.

"दुधाळ त्या बाटलीत गेलं तर ती नासते."

मग दुधाळ बाटली उलटी धरून त्याने दट्ट्या बाराच्या रेघेपर्यंत सावकाश ओढला. सिस्टरांनी सिरिंज उजेडाकडे धरून रेघ पाहिली आणि मान हलवली.

महेश त्याच्या शेजारी पलंगावर येऊन बसला. आपला शर्ट वर करून त्याने उजवी बाजू दाखवली. "बेंबीपासून चार बोटं सोड. इथं. चिमटी हलकी धर, नुसती कातडी आन् चरबी. तू बारीक हाय, सुई तिरपी घाल, नायतर आतल्या मांसात जाईल. आन् हळू घालू नको. हळू घातली का जास्त लागते."

बंटीने चिमटी धरली. सुई जवळ नेली. ती थांबली. पुन्हा मागे आली.

गोरक्षचे हात मांडीवरून उचलले गेले होते. त्याचं त्यालाच कळलं तेव्हा त्याने ते गुडघ्यांखाली दाबून धरले. आपल्याला या पोराचं दुखणं बघवत नाही, असं तो आतापर्यंत समजत होता. आज खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला दिसलं, की ते खरं नव्हतं. स्वतः दिलेलं दुखणं त्याला बघवत नव्हतं. पाठीवरचे दोन रट्टे कधी पुसता येणार नव्हते, म्हणून तो दीड वर्ष न दुखणारी जागा शोधत बसला होता, आणि त्यात पोराच्या पोटाची गाठ करून ठेवली होती.

"पप्पा, तुम्ही खाली बघा," बंटी म्हणाला. "तुमच्याकडं बघून मला जास्त भ्या वाटतं."

गोरक्षने खाली पाहिलं. फरशीवर एक मुंगी चालली होती. कोणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग बंटी मोजायला लागला. "एक, दोन, तीन." मध्ये त्याचा आवाज हलला, पण मोजणं थांबलं नाही. दहा झाल्यावर त्याने सुई बाहेर काढली. चिमटी सोडली. तांदळाच्या कणीएवढा रक्ताचा ठिपका आला, तो त्याने कापसाने नुसता दाबला, चोळला नाही.

"लागलं?" महेशने विचारलं.

"लागलं. डावीकडं लागत नव्हतं." थोडा विचार करून तो म्हणाला, "पण मधमाशीपेक्षा कमी."

सुई त्याने जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. सिस्टरांनी नव्या बाजूची तारीख त्याच्या वहीत त्यालाच लिहायला लावली, आणि पोटाचं एक चित्र काढून त्यावर चौकटी आखून दिल्या, रोज एक चौकट पुढे सरकायचं. डावी बाजू तीन महिने बंद. अर्ध्या तासाने त्याने पोहे आणि दूध घेतलं.

साडेनऊला साखर दोनशे वीस होती. साडेअकराला मैदानावर लंगडी खेळताना बंटी अचानक थांबला, गोरक्षकडे चालत आला आणि म्हणाला, "पप्पा, हातपाय थरथर करतात. भूक लागली." त्याचा कपाळावरचा घाम थंड होता. साखर चौसष्ट निघाली. सिस्टरांनी दोन चमचे ग्लुकोज पाण्यात विरघळून पाजलं, सावलीत बसवलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. मग बिस्किटं दिली.

डॉक्टर तेजस्विनींनी आकडा पाहिला. "बारावर हे," एवढंच त्या म्हणाल्या. अठरावर काय झालं असतं, हा हिशेब गोरक्षने मनात केला. तो बंटीशेजारी सावलीत जाऊन बसला.

दुपारी मुलं झोपली तेव्हा तो डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. गोधडी, रट्टे, फळीवरचा तांब्या, आणि दवाखान्यात बोललेलं खोटं. डॉक्टरांनी मध्ये अडवलं नाही.

"आजार त्याने झाला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तो आधीच आला होता. हे तुम्ही पक्कं लक्षात ठेवा."

"आन् पाणी तोडलं त्याचं?"

"त्याने त्रास वाढला असणार. मी नाही म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि ते खरंही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. पण झालं ते झालं. मला नका सांगू हे. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

बंटी उठल्यावर गोरक्ष त्याला घेऊन वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसला. लांब धरणाचं आटलेलं पाणी चकाकत होतं. त्याने शब्द जुळवले होते, ते ऐन वेळी आलेच नाहीत.

"तुला मारलं व्हतं मी. गादीवरनं. आन् पाणी बंद केलं व्हतं. आठवतं का?"

"आठवतं ना."

"चुकलं माझं. लय चुकलं."

बंटी पायरीवरचा खडा बोटाने फिरवत होता. "मी प्यायचो तरी," तो म्हणाला. "तुम्ही झोपल्यावर मोरीतल्या बादलीतलं. साबणाचा वास यायचा त्याला." मग बापाचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "मम्मीला सांगू नका, ती रडंल."

गोरक्षने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बंटीने तो झटकला नाही, पण टेकलाही नाही. थोड्या वेळाने विचारलं, "जाऊ का? महेशदादा कॅरम मांडणार हाय."

"जा."

त्या दिवशी फोनवर गोरक्षने चैतालीला सांगितलं, की पोराने स्वतः सुई घेतली, आणि आपण डॉक्टरांना खरं सांगितलं. पलीकडे बाळाच्या चुळबुळीचा आवाज येत होता.

"अहो, मी बी तिथंच व्हते की," चैताली म्हणाली. "तुम्ही दिवसभर रानात असायचे. मी घरात व्हते. मी का नाय दिलं त्याला पाणी?"

दीड वर्ष त्याला वाटत होतं की ती त्याच्यावर रागावून गप्प आहे.

घरी आल्यावर सकाळची सुई बंटी घ्यायला लागला. संध्याकाळची गोरक्ष देई, पण चौकट बंटी सांगे. दोनदा पोराने कंटाळून डावीकडची जुनी जागा मागितली, आणि दोन्ही वेळा गोरक्ष नाही म्हणाला. बंटी रडला, कळवळला, एकदा तर बापाशी दिवसभर बोलला नाही. गोरक्षने ते सोसलं. ऑगस्टमध्ये रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली. ती साडेदहा टक्क्यांवरून आठ पूर्णांक सहावर आली होती. अजून खाली यायला हवी, डॉक्टर म्हणाल्या. गाठ मऊ पडत होती, पण बोटाला लागत होती.

ऑक्टोबरमध्ये छाटणीला सुरगाण्याहून मजुरांच्या जीपा आल्या. त्यांतल्या कुसाबाईची सहा वर्षांची नात सारखी पाण्याच्या ड्रमकडे जाताना गोरक्षने पाहिली. दिवसात सात वेळा. त्याने ट्रॅक्टर बंद केला, मोटारसायकलवर घरी जाऊन बंटीचं मशीन आणलं, आणि कुसाबाईला सगळं समजावून त्या पोरीचं बोट टोचलं. ती किंचाळली. बाया कामं सोडून बघत राहिल्या.

आकडा एकशे चार आला. साखर अगदी ठीक होती.

"उन्हाचं पितंय पोर," कुसाबाई म्हणाली. "तुमचं काय भलतंच, भाऊ."

बाया हसल्या, मालकानेही लांबून हाक मारून विचारलं की ट्रॅक्टर का थांबलाय. गोरक्षने पट्टी कागदात गुंडाळून खिशात टाकली. रडणाऱ्या पोरीसाठी ड्रममधलं पाणी भरून आणलं, ती पिऊन संपवेपर्यंत तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि मग उरलेल्या चार ओळी पूर्ण करायला गेला.